स्वस्त वीज आधी, पण किती? : कोराडीच्या चिमण्यांवरून एक गणिताचा तास

नववीच्या वर्गात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ चालू होती. पेन-पेन्सिलच्या किमतीची उदाहरणं सोडवून मुलं कंटाळली होती. तेवढ्यात कोराडी रोडकडून येणाऱ्या एका मुलानं विचारलं, “सर, आमच्याकडच्या चिमण्या तर सदा चालूच दिसतात. मंग नाशिक-परळीचे प्लांट बंद हायेत असं पेपरात कायले येते? वीज जाते मुंबईले अन् राख रायते आपल्याले!”

त्या दिवशी पेन-पेन्सिल बाजूला ठेवली आणि पुढचे दोन तास याच प्रश्नाला दिले. त्यातून माझं एक मत पक्कं झालं, तेच आज मांडतो. ‘सगळ्यात स्वस्त ते आधी वापरा’ हा नियम आपण मुलांना अर्धाच शिकवतो. मर्यादा घातल्याशिवाय तो नियम चुकीची उत्तरं देतो, आणि मोठ्यांच्या चर्चेतही नेमकी तीच चूक होते.

आधी नियम काय आहे ते पाहू

वीज मोठ्या प्रमाणात साठवून ठेवणं अजून अवघड आणि महाग आहे. त्यामुळे राज्यात या क्षणी जेवढे पंखे, मोटारी, कारखाने चालू आहेत, जवळपास तेवढीच वीज या क्षणी तयार व्हावी लागते. कोणत्या संचानं किती वीज द्यायची हे ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र ठरवतं. आपल्या नागपुरात अंबाझरीलाही त्याचं उपकेंद्र आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि प्रत्येक भागासाठी प्रत्येक संचाला आकडा दिला जातो.

हा आकडा ‘मेरिट ऑर्डर’ नावाच्या यादीवरून निघतो. ज्या संचाचा एक युनिट तयार करण्याचा बदलता खर्च कमी, तो यादीत वर. बदलता खर्च म्हणजे मुख्यतः कोळसा आणि तो आणण्याचं भाडं. कोळसा महागला किंवा स्वस्त झाला की हा क्रमही बदलतो.

इथे पालक हमखास विचारतात, “मग प्लांट उभारायचे कोट्यवधी रुपये कुठे गेले? ते नाही का मोजायचे?” वर्गात मी स्कूटरचं उदाहरण देतो. घरात दोन स्कूटर आहेत, दोन्हींचा हप्ता चालू आहे. आज बर्डीला जाताना कोणती काढाल? जिचा हप्ता कमी ती नव्हे, जिला पेट्रोल कमी लागतं ती. हप्ता तर गाडी घरी उभी राहिली तरी भरायचाच आहे. तसाच स्थिर आकार. करार झालेला संच वीज द्यायला तयार असेल तर तो चालो की बंद राहो, महावितरणला त्याचा स्थिर आकार द्यावाच लागतो, आणि शेवटी तो आपल्या बिलात येतो. त्यामुळे ‘बंद प्लांटला पैसे देतात, मग चालवत का नाहीत?’ हा व्हॉट्सॲपवरचा सवाल उलटा आहे. तो चालवला तर स्थिर आकार वाचत नाही, वर महाग कोळसा मात्र जळतो. एवढे करार मुळात का केले हा प्रश्न रास्त आहे, पण तो वेगळा प्रश्न आहे.

मुलाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. कोळशाच्या खाणी नागपूर-चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यात आहेत. परळी किंवा नाशिकला तोच कोळसा रेल्वेनं शेकडो किलोमीटर न्यावा लागतो. भाडं वाढलं की संच यादीत खाली घसरतो. मागणी कमी झाली की खालच्यांना आधी थांबायला सांगतात.

आता गणित

कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, खापरखेड्याला एक ५०० चा आणि चार २१० चे. म्हणून फळ्यावर हेच तीन आकार घेतले. दर मात्र सोपे जावेत म्हणून मी मनाने ठरवलेले आहेत, ते खरे दर समजू नयेत.

- क्ष : ६६० मेगावॅट, बदलता खर्च २.८० रुपये प्रति युनिट
- य : ५०० मेगावॅट, ३.४० रुपये
- ज्ञ : २१० मेगावॅट, ४.१० रुपये

संध्याकाळची मागणी १२०० मेगावॅट. एक मेगावॅट तासभर चालला की १००० युनिट होतात. कोणी किती द्यायची?

पहिल्या बाकावरून उत्तर आलं, “सर, सगळ्यांना सारखी टक्केवारी द्या.” न्याय्य वाटतं. क्षमतेच्या प्रमाणात वाटणी केली तर ५७८, ४३८ आणि १८४ मेगावॅट येतात, तासाचा खर्च ३८,६२,००० रुपये.

दुसरा गट म्हणाला, “स्वस्त आधी.” क्ष पूर्ण ६६०, य पूर्ण ५००, उरलेले ४० ज्ञ कडून. खर्च ३७,१२,००० रुपये. दीड लाख वाचले म्हणून वर्गात टाळ्या पडल्या.

बहुतेक पुस्तकांतलं उदाहरण इथेच संपतं. पण हे उत्तर प्रत्यक्षात चालत नाही. २१० चा संच ४० वर चालू शकत नाही. कोळशाच्या भट्टीतली आग एका पातळीखाली स्थिर राहत नाही, तिला टिकवायला महागडं तेल जाळावं लागतं. म्हणून प्रत्येक संचाला ‘तांत्रिक किमान’ असतं, सध्या क्षमतेच्या साधारण ५५ टक्के. आपल्या संचांसाठी ते सोयीचे आकडे करून ३६०, २७५ आणि ११५ धरले.

आता ज्ञ चालवायचा तर किमान ११५ वर. मग कोणीतरी ७५ कमी करायला हवेत. क्ष कमी करावा की य? जो महाग तो, म्हणजे य. उत्तर : क्ष ६६०, य ४२५, ज्ञ ११५. खर्च ३७,६४,५०० रुपये. किमान मर्यादेची किंमत तासाला ५२,५०० रुपये.

यानंतर मी विचारलं, “या क्षणी मागणी एका मेगावॅटने वाढली तर ती कोण देईल?” अर्धा वर्ग ‘ज्ञ’ म्हणाला, कारण यादीत तो शेवटचा. पण वाढीव वीज य देईल, ३.४० रुपयांना. त्याच्याकडे ७५ मेगावॅट मोकळे आहेत. सगळ्यात महाग संच चालू आहे, तरी पुढच्या युनिटची किंमत त्याची नाही. सरासरी खर्च आणि पुढच्या एका युनिटचा खर्च यांतला फरक मुलांना इथे जसा कळला, तसा व्याख्या पाठ करून कधीच कळला नव्हता.

दुपारचा पेच

दुसऱ्या तासाला त्यात सौरऊर्जा आणली. दुपारी मागणी १२०० च आहे, पण ५०० सूर्याकडून येतात. ती वीज कोळसा जाळत नाही, म्हणून आधी घ्यायची. राहिले ७००. पण तिन्ही संचांची किमान बेरीजच ७५० होते! तिन्ही चालू ठेवायचे तर ५० मेगावॅट फुकटची सौरवीज टाकून द्यावी लागेल आणि खर्च येईल तासाला २४,१४,५०० रुपये.

मुलांनी पर्याय शोधले. ज्ञ बंद करून क्ष ४२५ आणि य २७५ चालवला तर २१,२५,००० रुपये. एका मुलीनं य बंद करून पाहिला : क्ष ५८५, ज्ञ ११५. खर्च २१,०९,५००. म्हणजे महागड्या ज्ञ ला ठेवणं मधल्या य पेक्षा स्वस्त पडलं, कारण त्याचं किमान लहान आहे. यादीतला क्रम इथे मोडला.

“मग हेच बरोबर?” दुपारपुरतं बरोबर. पण संध्याकाळी सूर्य मावळला की पुन्हा १२०० हवेत. क्ष आणि ज्ञ मिळून ८७० देतात, ३३० ची तूट. बंद केलेला ५०० चा संच बटण दाबून सुरू होत नाही. गरम असला तरी काही तास लागतात, थंड पडला तर त्याहून बरेच जास्त. दुपारी तासाला १५,५०० वाचवले आणि संध्याकाळी अंधार.

ज्ञ बंद ठेवला तर संध्याकाळची तूट फक्त ४० ची. ती कोयनेकडून घेता येते. जलविद्युत संच काही मिनिटांत भार उचलतो. मग कोयना दिवसभर का नाही चालवत, पाणी तर फुकट आहे? कारण पाणी मोजून मिळतं. कोयनेचं पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून दिलं आहे. दुपारी वापरलेला थेंब संध्याकाळी नसतो. म्हणून त्याची खरी किंमत शून्य नाही, संध्याकाळी तो ज्या महाग विजेची जागा घेतो, तिच्याएवढी आहे.

राखेचा आकडा कुठे आहे?

मुलाच्या प्रश्नाचं उरलेलं निम्मं उत्तर देताना मी जरा थांबलो. यादी तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर देते. पण तिला विचारलं जातं ते फक्त संचाचा बदलता खर्च किती, एवढंच. आपल्या कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राख असते. म्हणजे खाणीजवळचा संच यादीत वर, म्हणून जास्त चालतो, म्हणून राख आणि धूरही इथेच जास्त. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राख शेतांत आणि नदीत गेली. ते नुकसान प्रति युनिट रुपयांच्या स्तंभात कुठेही दिसत नाही.

काही सहकारी म्हणाले, गणिताच्या तासात हे कशाला? माझं म्हणणं उलट आहे, हे गणितच आहे. क्ष च्या २.८० मध्ये राखेचे समजा ७० पैसे धरले, तर तो ३.५० होतो आणि य च्या खाली जातो. (य दूर, मोकळ्या जागी आहे आणि त्याच्या राखेची सोय झाली आहे असं धरून.) मुलांनी हे स्वतः करून पाहिलं. ७० पैसे योग्य की १० पैसे, यावर वर्गात जोरदार वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा. उत्तर गणित देतं, पण कोणते खर्च आणि कोणत्या मर्यादा मांडायच्या हे माणसं ठरवतात.

म्हणून शिक्षकांना सुचवतो : हे उदाहरण घ्याल तेव्हा ‘स्वस्त आधी’वर थांबू नका. किमान मर्यादा घाला, दुपारनंतर संध्याकाळ आणा आणि शेवटी विचारा, यात काय मोजलं नाही? आणि पालकहो, मूल घरी येऊन चिमण्यांबद्दल विचारेल तेव्हा ‘सरकार बघते’ म्हणून गप्प करू नका. त्याला आकडे मांडता येतात आता. माझ्या वर्गातल्या त्या मुलानं वहीत शेवटी लिहिलं होतं : “सर, उत्तर बरोबर हाय. पण दर कोणी टाकला?”