तसबिरीचे विसर्जन बादलीतही होते

चाकण एमआयडीसीच्या आसपास, म्हाळुंगे-खराबवाडीच्या भाड्याच्या खोल्यांत, खोली बदलताना एक अडचण हमखास येते: काच तडकलेल्या, रंग उडालेल्या देवाच्या तसबिरीचे काय करायचे? जवळ नदी नाही. मग तसबीर पिंपळाच्या पारावर ठेवली जाते, नाहीतर सुट्टीच्या दिवशी मोशी-आळंदीकडे जाऊन पिशवीसकट इंद्रायणीत सोडली जाते.

वाहत्या पाण्यात सोडणे ही पूर्वापार रीत आहे, असे म्हणतात. मूर्तीबद्दल ते खरे; छापील तसबिरीबद्दल नाही. घरोघरी देवाची चित्रे पोचवणारा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत 1894 मध्ये सुरू झाला आणि पुढे आपल्याच मावळात, मळवलीला आला. तसबिरीची रीत त्याहून फार जुनी असणार नाही. शिवाय ती चित्रे कागदाची होती. आजच्या चित्रावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो, चौकट फायबरची असते. ती विरघळत नाही. जलपर्णीत अडकते किंवा वारकरी जिथे स्नान करतात त्या घाटाला लागते.

घंटागाडीत देव टाकवत नाही, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. निर्माल्य पायदळी येऊ नये, हा घरातल्या मोठ्यांचा दंडक योग्यच आहे. पण पारावरची तसबीर पावसात भिजून, कुत्र्यांच्या पायांखाली येऊन तोच दंडक मोडते. गणपती हलवण्याआधी आपण उत्तरपूजा करून अक्षता वाहतो, देवाला निरोप देतो. तसबिरीलाही तसाच निरोप द्यावा. त्यानंतर उरतात ते कागद किंवा प्लास्टिक, काच आणि चौकट.

मग खिळे काढून चौकट, काच, चित्र वेगळे करा. चित्राचा कोपरा किंचित फाडून पाहा. कडेला कापसासारखे तंतू दिसले तर तो कागद. ताणला जाऊन लांबला तर प्लास्टिक. कागद बादलीत रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून लगदा कुंडीच्या मातीत मिसळा. प्लास्टिकचे चित्र भिजवून उपयोग नाही आणि जाळले तर विषारी धूर होतो. ते कोऱ्या कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावे. काचही जाड कागदात बांधून, वर ‘काच’ असे लिहून द्यावी, म्हणजे सफाई कामगाराचा हात कापणार नाही. पितळी समई-निरांजन मोडीत द्या. धातू वितळून पुन्हा भांडे होते.

तसबिरीवरच्या हारांचे खत होते, पण आधी दोरा, जर आणि प्लास्टिकची पाने काढावी लागतात. नुसती ओली फुले कुंडीत दाबली की चिखल होऊन आंबूस वास येतो. फुलांच्या दुप्पट सुका पालापाचोळा घाला, कुंडीला तळाशी भोके ठेवा, आठवड्याला एकदा वरखाली करा. साधारण दोन महिन्यांत झेंडू-शेवंतीची काळी माती होते. बेल आणि आंब्याच्या पानांना जास्त वेळ लागतो. शेंदूर मात्र खतात नको, त्यात शिसे असू शकते.

खोल्यांच्या मालकांनी आणि सोसायट्यांनी आवारात झाकणाचे एक पिंप फक्त निर्माल्य आणि तसबिरींसाठी ठेवावे, आणि पारावर तसबीर ठेवायला निघालेल्या भाडेकरूला ते दाखवावे.