टाकी चकचकीत झाली, पण निर्जंतुक झाली का?

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर 'उद्या टाकी सफाई, पाणी भरून ठेवावे' असे लिहिले जाते. दुसऱ्या दिवशी दोन-तीन माणसे येतात, तीन-चार तास घासतात, आधीचे-नंतरचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात आणि बिल मंजूर होते. या सगळ्यात दोन प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. खालच्या टाकीत माणूस उतरला तेव्हा आतली हवा कशी होती? आणि क्लोरीन किती टाकले, किती तास ठेवले? माझ्या मते बिलावर सही करण्याआधी कमिटीने एवढेच विचारले तरी पुरे.

आधी हवेचे. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाडा भागात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या भूमिगत टाकीत उतरलेले चार मजूर गुदमरून मरण पावले. 'पाण्याचीच तर टाकी, गटार थोडीच आहे' हा समज इथे घात करतो. तळाचा गाळ कुजताना ऑक्सिजन खातो. बंद टाकीतले लोखंड गंजतानाही खाते. झाकण एकच आणि तेही दोन फुटांचे असेल तर बाहेरची हवा आत पोहोचत नाही. उतरणाऱ्याला धोका जाणवण्याआधीच शुद्ध हरपते. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा.

म्हणून शक्य असेल तर माणूस उतरवूच नये. लांब दांड्याचा ब्रश, वरून मारायचा प्रेशर जेट आणि गाळ ओढणारा पंप यांनी बरेचसे काम होते. उतरावेच लागले तर टाकीची सगळी झाकणे आदल्या रात्रीच उघडावीत, भोवती अडथळा लावावा आणि सकाळी ब्लोअरने तळापर्यंत हवा सोडावी. गॅस मीटरवर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचे नाही. मेणबत्ती खाली सोडून पाहणे ही चाचणी नव्हे. विषारी वायू असताना ती निवांत जळत राहू शकते. उतरणाऱ्याच्या अंगावर दोर बांधलेला पट्टा हवा आणि दोर धरणाऱ्याने काही झाले तरी जागा सोडायची नाही. पंपाचा मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात. दिवा बॅटरीचा. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप टाकीत उतरवायचा नाही, त्याचा धूर आत कोंडतो. फरशा उजळायला ॲसिडही नको. त्यावर ब्लीचिंग पावडर पडली की बंद जागेत क्लोरीन वायू तयार होतो.

टाकी रिकामी झाली की लगेच घासायला घेऊ नका. तासभर थांबा आणि वरून टॉर्च मारून भिंती पाहा. एखाद्या कोपऱ्यातून पाणी झिरपून आत येताना दिसले तर आजाराचे मूळ तिथे असू शकते, विशेषतः ड्रेनेजचे चेंबर जवळ असेल तर. टाकी भरलेली असते तेव्हा पाणी बाहेर जाते, पातळी उतरली की बाहेरचे आत येते. ही फट बुजवल्याशिवाय निर्जंतुकीकरणाचा उपयोग चार दिवसांचा.

आता क्लोरीन. एक उदाहरण घेऊ. खालची टाकी ३०,००० लिटरची, गच्चीवर १०,००० लिटरच्या दोन. शनिवारी दिवसभरात तिन्ही रिकाम्या करून, गाळ काढून, घासून, धुऊन घेतल्या. घासायला साबण किंवा डिटर्जंट वापरू नये. गाळ आणि शेवाळाचा बुळबुळीत थर मात्र पूर्ण निघायला हवा, कारण तो राहिला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडते.

संध्याकाळी खालची टाकी भरताना दर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन हवे. ३०,००० लिटरला ते होते दीड किलो. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असते, पण उघड्या पोत्यातली पावडर उतरत जाते. ती २५ टक्के धरली तर सहा किलो पावडर लागेल. ती थेट टाकीत ओतायची नाही. उघड्यावर, मास्क, चष्मा आणि हातमोजे घालून, बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरून ढवळायची. चुना खाली बसला की वरचे निवळ पाणी टाकीत जाईल, साका फेकायचा. अशा आठ-दहा बादल्या होतील. टाकी भरत असतानाच त्या ओतल्या की मिश्रण आपोआप होते. यानंतर टाकीत कोणी उतरायचे नाही.

शनिवारी संध्याकाळी सहा ते रविवारी सकाळी सहा हे पाणी तसेच राहू द्या. सकाळी तेच पाणी पंपाने गच्चीवर चढवा. वेगळी पावडर न लागता वरच्या टाक्या आणि मधली पाइपलाइन दोन्ही निर्जंतुक होतात. प्रत्येक घरात नळ उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा आणि मग दुपारी बारापर्यंत नळ बंद ठेवा. त्याआधी आरओ फिल्टरचा कॉक बंद करायला सांगा, एवढ्या क्लोरीनने त्याचा पडदा खराब होतो. दुपारनंतर हे पाणी फ्लशला, पार्किंग धुवायला वापरा. पिण्याला, झाडांना नाही, आणि नाल्यात किंवा तळ्यातही सोडू नका. मग टाक्या खंगाळून ताजे पाणी भरा.

काम झाले की नाही हे वासावरून ठरवू नये. क्लोरोस्कोप स्वस्त मिळतो. ताजे पाणी भरल्यावर शेवटच्या घरातल्या नळाला दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसले पाहिजे, एकच्या वर असेल तर पुन्हा खंगाळा. काही दिवसांनी पाण्याचा नमुना सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत द्या, बाटली तिथूनच आणा. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही नको.

हल्ली कंत्राटदार 'सहा टप्प्यांची यूव्ही सफाई' विकतात. यूव्ही प्रकाश जिथे पडतो तिथलेच जंतू मारतो. कोपऱ्यात, पाइपात, उरलेल्या गाळाखाली तो पोहोचत नाही आणि दिवा विझल्यावर मागे काहीच उरत नाही. क्लोरीनऐवजी त्याचे पैसे देण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यापेक्षा कोटेशनमध्ये किती किलो पावडर, किती तास, क्लोरोस्कोपचे रीडिंग किती आणि ब्लोअर, गॅस मीटर, दोर आणणार का, हे लिहून घ्या. फोटो नंतर पाहू.

वेळापत्रक वर्षातून दोनदा पुरेसे आहे: मेअखेर आणि ऑक्टोबरअखेर. एकच करता येत असेल तर ऑक्टोबरचे करा, कारण पावसाळ्यात जमिनीतले पाणी भूमिगत टाकीत शिरते. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत दर तीन महिन्यांनी करा. पालिकेची लाइन दुरुस्त झाल्यावर गढूळ किंवा वास येणारे पाणी आले, तर तारखेची वाट पाहू नका. दिवसातून तास-दोन तासच पाणी येते तिथे रिकाम्या पाइपात फटीतून घाण ओढली जाते, आणि सुरुवातीचे पाणी ती थेट खालच्या टाकीत आणते.

मधल्या महिन्यांत गच्चीवर आणि पार्किंगमध्ये एक फेरी मारा. झाकण घट्ट बसते का, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी आहे का, आणि खालच्या टाकीच्या झाकणाची चौकट पार्किंगच्या फरशीपेक्षा उंच आहे का, हे बघायला दहा मिनिटे लागतात. चौकट फरशीच्या पातळीला असेल तर गाड्या धुतलेले पाणी टाकीतच जाते. ती सहा इंच उंच बांधून घ्या.