इंग्रजी सुधारा, बापाचं काम नाही

मुलाखतीचा सराव घेताना पोरीचं उत्तर अर्ध्यावर तोडणाऱ्या मास्तरांशी आमचं भांडण आहे. मध्येच टोकलं की ती पुढचं वाक्य विसरते आणि "मला इंग्रजी येतच नाही" हे पक्कं धरून घरी जाते. म्हणून बपेऱ्यात सराव घेताना आम्ही एकच नियम पाळतो: उत्तर इंग्रजीत, पूर्ण, न थांबवता, दुरुस्ती त्यानंतर, मराठीत.

एका मुलीचं उत्तर घ्या. प्रश्न होता, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." ती म्हणाली, "आय हॅव कम्प्लिटेड बी.कॉम. इन २०२२. आय ॲम वर्किंग इन अ शॉप सिन्स टू इयर्स." तिला व्याकरणाचं पुस्तक दाखवून उपयोग नव्हता, कारण चुकीचं मूळ मराठीत होतं. "दोन वर्षांपासून" मधला "पासून" तिने "सिन्स" करून आणला. आम्ही सांगितलं: किती काळ ते सांगायचं तर "फॉर टू इयर्स", कधीपासून ते सांगायचं तर "सिन्स २०२३"; आणि दोन्ही वेळा आधी "आय हॅव बीन वर्किंग". झालेल्या गोष्टीचं साल सांगितलं की "हॅव" गळतं: "आय कम्प्लिटेड बी.कॉम. इन २०२२." एका उत्तरामागे दोनच दुरुस्त्या, जास्त नाहीत. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायचा. तेव्हा अडखळली, तर ती शिकलेली नाही, तिने पाठ केलेलं आहे.

खरी परीक्षा पुढच्या प्रश्नाला होते: "व्हॉट इज युवर फॅमिली बॅकग्राउंड?" ती म्हणाली, "माय फादर इज लेबर." इथे कित्येक शिकवणारे सल्ला देतात, "मजूर नको, शेती सांग." ही भाषेची दुरुस्ती नव्हे, ही लाज शिकवणं आहे. हा प्रश्न निरागसही नाही. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून २००७ साली दाखवून दिलं, की गुणवत्तेचा जप करणारे हेच लोक घराणं विचारून उमेदवार जोखतात. जात न विचारता जात कळते ती इथेच.

मग आम्ही फक्त इंग्रजी सुधारतो. "लेबर" म्हणजे श्रम, माणसाला "लेबरर". त्याहून सोपं: "माय फादर वर्क्स ऑन अदर पीपल्स फार्म्स." आणि तिथे न थांबता लगेच स्वतःच्या कामावर: "आय कीप द अकाउंट्स अॅट द शॉप." बापाचं काम एका वाक्यात, ताठ मानेने, उरलेलं उत्तर तिच्या कामाचं.

एवढ्याने समोरच्याच्या मनातली जात जाईल, असं आम्ही म्हणत नाही. ती लढाई वेगळी आहे. पण त्या खोलीत जाण्याआधीच आमच्या पोरीला तिच्या बापाची लाज वाटायला लावणारे आपलेच मास्तर असतील, तर आधी त्यांना दुरुस्त करा.

जय भीम!