किरायाची वीस वर्षे

परवा भाचा घरी आला होता. तो आणि त्याची बायको, दोघेही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. गोंदियात दहा हजार रुपये किरायाच्या घरात राहतात. चहा होईपर्यंत गप्प होता, मग एकदम म्हणाला, "मामाजी, दर महिन्याला दहा हजार पाण्यात चालले. त्यापेक्षा हप्ता भरला तर घर तरी आपलं होईल ना?"

सासरे मागे लागले आहेत, मित्रांनी घरे घेतली आहेत, आणि रिंग रोडकडे चाळीस लाखांचा एक फ्लॅट त्याने पाहूनही ठेवला आहे. दोघांनी मिळून साडेदहा लाखांच्या वर शिल्लक टाकली आहे, आणि ती सगळी यात जाणार आहे. म्हणून म्हटले, कागद घे, बसून हिशोब करू. तो हिशोब इथे मांडतो आहे, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

चाळीस लाखांच्या घरावर बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ३२ लाख कर्ज देते. आठ लाख आपले. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, कर्जाची फी असे आणखी २ लाख ६० हजार धरले. हे पैसे बँक देत नाही, खिशातून जातात. म्हणजे पहिल्याच दिवशी १० लाख ६० हजार गेले. ३२ लाखांवर ८.५ टक्के व्याज आणि वीस वर्षे मुदत धरली, तर हप्ता किती? एक्सेलमध्ये कुणालाही काढता येतो:

```
=PMT(8.5%/12, 240, -3200000)
```

उत्तर येते २७,७७०. भाच्याला विचारले, पहिल्या हप्त्यातले किती पैसे घराच्या खात्यात जमा होतात? तो म्हणाला, निम्मे तरी असतील. नाही. २२,६६७ रुपये नुसते व्याज आणि जेमतेम ५,१०० रुपये मुद्दल! दहा हजार किराया पाण्यात जातो असे म्हणायचे असेल, तर हे साडेबावीस हजारही त्याच पाण्यात जातात. किराया हे घराचे भाडे, व्याज हे पैशाचे भाडे. वीस वर्षांत ३२ लाखांवर ३४ लाख ६५ हजार व्याज जाते.

तेही दर वाढला नाही तर. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत गुपचूप लांबली. आपल्या उदाहरणात दर सुरुवातीलाच ८.५ ऐवजी ९.५ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज वीस नव्हे, पंचवीस वर्षांच्याही पुढे जाते. वर्षातून एकदा बँकेकडून उरलेले हप्ते किती ते विचारावे, म्हणजे कळते.

आता दुसरी बाजू. किराया दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतो असे धरू. घर घेतले तर घरपट्टी, रंग, पावसाळ्यातली गळती, मोटार यासाठी महिना अडीच हजार धरले, तेही ५ टक्क्यांनी वाढणारे. म्हणजे पहिल्या वर्षी घरमालकाचा खर्च ३०,२७० आणि किरायदाराचा १०,०००. फरक २०,२७०. गंमत म्हणजे विसाव्या वर्षी किराया वाढून २५,२७० होतो, तरी तो हप्त्याच्या खालीच राहतो. किरायदाराच्या हातात दर महिन्याला काही ना काही उरत जाते.

हे उरलेले पैसे आणि सुरुवातीचे १० लाख ६० हजार त्याने ७ टक्क्यांनी गुंतवले असे धरू. ७ हा आकडा मी मुद्दाम बेताचा घेतला. पीपीएफचा दर एप्रिल २०२० मध्ये ७.१ वर आला आणि पुढे वर्षानुवर्षे तिथेच राहिला. तिथे एका माणसाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, पण इथे नवरा-बायको दोघे आहेत. वीस वर्षांनी सुरुवातीच्या रकमेचे ४१ लाख होतात आणि दरमहाच्या फरकाचे साडेचौऱ्याऐंशी लाख. एकूण सव्वा कोटीच्या थोडे वर.

घरमालकाकडे तेव्हा कर्जमुक्त घर असते. ते किती किमतीचे? दरवर्षी ४ टक्के वाढले तर साधारण ८८ लाख. ६ टक्क्यांनी १ कोटी २८ लाख. ८ टक्क्यांनी १ कोटी ८६ लाख. विकताना दोन टक्के खर्च वजा केला, तर ६ टक्क्यांना दोघेही बरोबरीत येतात. म्हणजे सगळा वाद एका प्रश्नावर येऊन थांबतो: हे घर वीस वर्षे, सरासरी, ६ टक्क्यांहून जास्त वाढेल का? (गुंतवणुकीवर १० टक्के मिळाले तर हाच आकडा सव्वाआठच्या आसपास जातो.)

कराची सवलत मी मुद्दाम धरली नाही. राहत्या घराच्या व्याजावरची सूट आणि घरभाडे भत्त्याची सूट, दोन्ही जुन्याच करपद्धतीत मिळतात, नव्या पद्धतीत दोन्ही नाहीत.

"मामाजी, इथल्या प्लॉटचे भाव तर दहापट झाले!" भाच्याचे लगेच उत्तर. झाले असतील. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. त्याच्या आधी घेतलेल्या प्लॉटचे किस्से घराघरांत आहेत. पण एक तर जिल्हा एकदाच होतो. आणि दुसरे म्हणजे ते किस्से प्लॉटचे आहेत, फ्लॅटचे नाहीत.

माझ्या मते लोक इथेच फसतात. वाढते ती जमीन. इमारत जुनी होत जाते. चाळीस लाखांच्या फ्लॅटमध्ये तुमच्या वाट्याची जमीन समजा ६ लाखांची आणि बांधकाम ३४ लाखांचे. जमीन ८ टक्क्यांनी वाढली, बांधकामाचा खर्च ५ टक्क्यांनी वाढला, आणि वीस वर्षांत बांधकामाचा एक तृतीयांश भाग झिजला असे धरले, तर त्या फ्लॅटचे ८८ लाख होतात. म्हणजे ४ टक्के. त्याच चाळीस लाखांत कुडवा किंवा फुलचूरकडे १८ लाखांचा प्लॉट घेऊन २२ लाखांत लहानसे घर बांधले, तर त्याच हिशोबाने १ कोटी २३ लाख होतात, म्हणजे पावणेसहा टक्के. जमीन तीच आठ टक्क्यांनी वाढली, पण एक घर बरोबरीच्या जवळ पोहोचले आणि दुसरे बरेच मागे राहिले.

८ टक्के हा माझा अंदाज आहे, तो कुणी वेदवाक्य समजू नये. तपासायचे असेल तर त्याच लेआउटमधल्या दोन व्यवहारांच्या सूची क्रमांक २, म्हणजे आपला इंडेक्स टू, काढून पाहाव्यात. एक अलीकडची, एक पंधरा-वीस वर्षांपूर्वीची. वीस वर्षांत भाव २.२ पट झाला असेल तर ४ टक्के, ३.२ पट तर ६, ४.७ पट तर ८. दस्तात किंमत कमी दाखवलेली असू शकते हे लक्षात ठेवावे, पण चौकातल्या गप्पांपेक्षा तो कागद बरा. आणि प्लॉट घेताना एनए झालेला आहे का, सातबारा सामाईक तर नाही ना, हे आधी बघावे. नाही तर विकायच्या वेळी टक्केवारीचा काही उपयोग नसतो.

शिक्षकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. जिल्ह्यांतर्गत बदलीत देवरी किंवा अर्जुनी मोरगावकडची अवघड क्षेत्रातली शाळा मिळाली आणि सातव्या वर्षी घर विकावे लागले तर? सात वर्षांत २३ लाखांवर हप्ते भरून कर्ज ३२ वरून फक्त २६ लाखांवर आलेले असते. तेव्हा बरोबरीला ६ नव्हे, सव्वासात टक्के वाढ लागते, कारण नोंदणी आणि विक्रीचा खर्च सातच वर्षांवर वाटला जातो. दहा वर्षे तरी गाव सुटणार नाही अशी खात्री नसेल, तर घाई करू नये.

इथपर्यंत ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे किरायानेच राहायचं." मी म्हटले, थांब. अजून एक ओळ राहिली आहे.

तो वीस हजारांचा फरक. सव्वा कोटीतले साडेचौऱ्याऐंशी लाख त्यातूनच येतात, आणि ते तेव्हाच येतात जेव्हा माणूस दोनशे चाळीस महिने एकही न चुकवता ते बाजूला टाकतो. निम्मेच टाकले तर एकूण ८३ लाख होतात, आणि घराला बरोबरीसाठी ६ ऐवजी ४ टक्केसुद्धा पुरतात. काहीच टाकले नाही, नवी गाडी, लग्नकार्य, मोबाइल यांत गेले, तर हाती फक्त ते ४१ लाख. मग वीस वर्षांत ज्या घराचा भाव जवळजवळ वाढलाच नाही, तेही बरोबरीत येते!

म्हणून मला वाटते, आपल्या आधीच्या पिढीचे घर घेऊन भले झाले ते घराच्या भावामुळे कमी आणि हप्त्याच्या धाकामुळे जास्त. बँकेचा हप्ता चुकवायची हिंमत होत नाही. स्वतःचा हप्ता चुकवायला कुणाची परवानगी लागत नाही.

भाच्याला मी घे किंवा घेऊ नको असे काहीच सांगितले नाही. एवढेच म्हटले, सहा महिने तुम्ही दोघे पगाराच्या दिवशी २०,२७० रुपये वेगळ्या खात्यात टाका. किराया चालूच ठेवा. सहाही महिने जमले आणि त्या खात्याला हात लागला नाही, तर किरायाने राहून गुंतवा, नाहीतर चांगला प्लॉट शोधा. फ्लॅटचा विचार सोडा. आणि दिवाळीत किंवा कुणाच्या लग्नात ते खाते मोडावे लागले, तर सरळ कर्ज काढून घर घ्या. थोडे महाग पडेल, पण वीस वर्षांनी निदान हातात काही असेल.

तो कागद घडी घालून घेऊन गेला. पहिला हप्ता या एक तारखेला पडला का, ते अजून विचारलेले नाही. तुमच्या घरी हा हिशोब कसा बसला होता, ते जरूर सांगा.