आजीची वांगी आणि नातीचे 4P: भाव एक नसतोच!

4P म्हणजे प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस आणि प्रमोशन, हे आपण व्हिडिओत पाहिलं. 1960 साली जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकाने ते पुस्तकात मांडले आणि तेव्हापासून प्रत्येक बीबीए वाला ते पाठ करतो. मीही केले. पण माझं मत विचाराल तर पाठ केलेल्या चारांपैकी प्राइस आपण सगळ्यात वाईट शिकतो. गोंदियात माझ्या दुकानासमोर एक आजी भाजी घेऊन बसतात. त्यांची नात मार्केटिंग शिकते. त्या दोघींचं बोलणं ऐका, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

नात म्हणाली, "आजी, तू मोठी वांगी वेगळी ठेवतेस ना, ते प्रॉडक्ट."

"मोठे भरताचे, लहान भरून करायचे. मिसळून ठेवले तं गिऱ्हाईक सगळे चिवडते, अन् चिवडलेलं मग कोणी घेत नाही."

"प्लेस म्हणजे तुझी ही जागा."

"स्टेशनावरून घरी जाणारा माणूस इकडून जाते. जाताना कोणी भाजी घेत नाही, येताना घेते." (जागा मनासारखी मिळतेच असं नाही हं. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांची नोंद आणि प्रमाणपत्र ठरवून दिलंय. ते आपल्याकडे आहे का, हे आधी बघा.)

प्रमोशनवर नात QR कोड आणि व्हॉट्सअॅप स्टेटस सांगत होती. आजी सांबारावर पाणी शिंपडत म्हणाली, "मी दोन काड्या सांबार फुकट टाकतो, तेच माझं." बरोबर आहे, फक्त त्या काड्यांचा खर्च कुठेतरी धरला पाहिजे.

मग आला भाव. नातीने मोबाईलवर हिशोब केला. वांगी ठोकमध्ये 20 रुपये किलो, विक्री 30. दहा किलोवर शंभर रुपये नफा!

"शंभर? कुठी दिसते वं? सांजच्याला गल्ल्यात तं राह्यतच नाही."

इथे नात थांबली, आणि मला तेच आवडलं. तिने पुन्हा विचारायला सुरुवात केली. ऑटोचे किती? तीस. म्हणजे माल घरात पडला 230 ला. किडकी किती निघतात? किलोभर. आणि उन्हात वाळून, तागडी जरा झुकती देऊन अजून एक किलो जातो. म्हणजे दहा किलो घेतली तरी विकायला आठच! 230 भागिले 8, खरी किंमत पावणेएकोणतीस रुपये किलो. त्यात संध्याकाळी उरलेली दोन किलो आजी 20 ने काढते. सहा किलोचे 180 आणि दोन किलोचे 40, एकूण 220. नफा सोडा, दहा रुपये तोटा.

"म्हणून संध्याकाळी भाव पाडू नकोस," नात म्हणाली. "पावणेएकोणतीसला पडलेली वस्तू विसात कशी देतेस?"

"अन् उद्या काऊन घेईन कोणी हे सुरकुतलेले?"

इथे माझं मत आजीकडे. संध्याकाळी सात वाजता 230 रुपये गेलेलेच असतात, ते आता मोजायचे नाहीत. प्रश्न एवढाच की आज 40 मिळतात, उद्या काय मिळेल? दोन किलोतली दीड किलो राहिली आणि 15 ने गेली तर साडेबावीस. म्हणून आज विसात देणं शहाणपणाचं. कांदा-बटाट्याचं मात्र असं नाही. तो उद्याही तसाच राहतो, त्याचा भाव संध्याकाळी पाडायचं कारण नाही.

चूक होती ती दुपारच्या भावात. सहा किलो 40 ने गेली असती तर 240, वर संध्याकाळचे 40, म्हणजे 280 आणि नफा 50. आजूबाजूला सगळे 30 ने देत असतील तर 40 चालणार नाही, हे खरं. पण निवडून वेगळी ठेवलेली भरताची वांगी 40 ने आणि बारीक 30 ने, हे चालू शकतं. प्रॉडक्ट आणि प्राइस असे एकत्र येतात, पुस्तकात ते वेगवेगळ्या पानांवर असतात.

एक धोका आहे. रोज ठरल्या वेळेला भाव पाडला की गिऱ्हाईक शिकतं. पाच-सहाला येणारे चेहरे कमी झाले आणि तेच चेहरे सातनंतर दिसायला लागले, तर समजा ते तुमच्या स्वस्ताईची वाट बघतायत. तेव्हा भाव नाही, खरेदी कमी करायची.

नातीने तेच सांगितलं, "उद्या दहा नको, आठ किलोच आण."

आजी म्हणाली, "आठाले ऑटोवाला तीसच घेईन ना वं!"

मग दोघी बोटांवर हिशोब करत बसल्या: ऑटो शेजारणीबरोबर अर्धा-अर्धा करायचा का म्हणून.