जेवलास का? आय ॲम फाइन

मंडळाच्या अंकासाठी आलेल्या कविता वाचायला बसलो की दर वर्षी आमच्यात एकच वाद होतो. कवितेत इंग्रजी शब्द दिसला की एक जण त्याच्यावर रेघ मारून शेजारी मराठी प्रतिशब्द लिहितो. दुसरा म्हणतो, असू दे, आपण घरी असंच बोलतो. मला दोन्ही पटत नाहीत. शब्द कुठल्या भाषेतून आला एवढंच पाहिलं तर कवितेतला माणूस हाती लागत नाही. तो कोणत्या क्षणी भाषा बदलतो, आणि बदलण्याआधी तो शब्द कुणाच्या तोंडी होता, हे पाहायला हवं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला अरुण कोलटकरांच्या एका जुन्या कवितेत दिसतं. १९६० च्या सुमाराची ही कविता मुंबईच्या बोलीहिंदीत आहे. एक नोकर मॅनेजरकडे पगार मागतो. मॅनेजर सांगतो की कंपनीच्या रूलप्रमाणे पगार एक तारखेला. टेबलावर मॅनेजरचं घड्याळ पडलेलं असतं. नोकर ते उचलतो, तक्रार करायची तर पोलीस चौकीचा रस्ता तिकडे आहे असं सुनावतो, आणि सांगतो की आपल्या रूलप्रमाणे पगार आजच होणार.

या छोट्याशा प्रसंगात परके शब्द कितीतरी आहेत, पण ते सारखे नाहीत. ‘पगार’ मुळात पोर्तुगीज. तो आपल्याकडे इतका जुना झाला आहे की त्याला कुणी परका म्हणणार नाही. ‘टेबल’ इंग्रजी, पण तो बोलणाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही, कारण त्या वस्तूला तिथे दुसरं नाव नाही. ‘रूल’ मात्र वेगळा. तो आधी मॅनेजरच्या तोंडी येतो आणि त्याच्यामागे कंपनी उभी असते. नोकर त्याला नियम, कायदा, दस्तूर असं काही म्हणत नाही. तोच इंग्रजी शब्द उचलतो आणि त्याच्याआधी ‘माझा’ लावतो. घड्याळ उचलण्याच्या अगदी जवळ शब्द उचलणं येतं, म्हणून मला त्या दोन्ही एकच कृती वाटतात. इथे कुणी शुद्धतेच्या प्रेमाने दुसऱ्या ठिकाणी ‘नियम’ घातला, तर घड्याळ मॅनेजरच्या टेबलावरच राहील.

कोलटकरांनी या कवितेचं इंग्रजी रूप स्वतःच केलं. त्यात हीच पुनरावृत्ती ठेवली, पण आता सगळेच शब्द इंग्रजी असल्याने ‘रूल’ दुसऱ्या भाषेतून हिसकावलेला राहिला नाही. त्याची भरपाई करायला त्यांनी तिथे अमेरिकी गुंडांची बोली वापरली. दोन्ही भाषांवर पकड असलेल्या कवीलाही हिंदी-इंग्रजीमधला तो सांधा इंग्रजीत जसाच्या तसा नेता आला नाही. मिसळीचा अर्थ शब्दात नसून दोन भाषांमधल्या अंतरात असतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

मराठीतच पाहायचं तर बा. सी. मर्ढेकरांकडे जावं लागतं. ‘काही कविता’ १९४७ साली आली. त्यांनी पंक्चर या शब्दाचं थेट मराठी क्रियापद केलं. आपण बोलताना ‘पंक्चर झाली’ म्हणतो. इंग्रजी शब्द नुसता ठेवतो आणि काम ‘होणे’ किंवा ‘करणे’कडून करून घेतो. पार्क करणे, डिलीट करणे, बुक होणे, सगळं याच साच्यातलं. मर्ढेकरांनी तो मधला मदतनीस काढून टाकला आणि मराठी प्रत्यय सरळ इंग्रजी धातूला लावला. असं रोज कुणी बोलत नव्हतं, म्हणून वाचणारा त्या शब्दाशी थबकतो. यंत्रयुगातला एक शब्द मराठी व्याकरणाच्या आतच शिरला आहे, हे त्या थबकण्यात जाणवतं. ‘लोक असंच बोलतात’ म्हणून मिसळीचं समर्थन करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: चांगल्या कवितेतली मिसळ बोलण्याची नक्कल असेलच असं नाही.

आता आपल्या घरात येऊ. कुणा सभासदाची ओळ घेऊन तिची चिरफाड करायला नको, म्हणून दोन ओळी मीच रचते.

आई विचारते, जेवलास का?
मी म्हणतो, हो, आय ॲम फाइन.

आईने ‘कसा आहेस’ असं विचारलेलंच नाही. तिने जेवणाचं विचारलं आणि मुलाने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ते ज्या भाषेत दिवसभर ऑफिसात देतो, त्याच भाषेत दिलं. तिथे या उत्तरापुढे कुणी काही विचारत नाही. आता तिथे ‘मी बरा आहे’ लिहून पाहा. आई लगेच विचारेल, बरा म्हणजे? आवाज का बसलाय? मराठी उत्तराने दार उघडं राहतं, इंग्रजीने ते हलकेच लागतं. मुलगा थकलेला आहे, त्याला खोटंही बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही, हे सारं भाषा बदलल्यामुळे कळलं.

याच कवितेत पुढे ‘फ्रीजमध्ये कालचा भात आहे’ अशी ओळ आली, तर त्या ‘फ्रीज’वर कुणी रेघ मारू नये. त्याला मराठी लिंग मिळालं आहे, ‘मध्ये’ लागलं आहे, तो घरातलाच झाला आहे. ‘शीतकपाट’ लिहिलं तर मात्र तो मुलगा अचानक पाठ्यपुस्तक वाचू लागेल. उलट ‘माझं हार्ट आज सॅड आहे’ अशी ओळ आली, तर मी कवीला विचारेन, हे कोण बोलतंय आणि कुणाशी? चौदा वर्षांची मुलगी आजीला सांगत असेल आणि तिच्याकडे ‘उदास’ हा शब्दच नसेल, तर ती ओळ मला हलवून सोडेल. पण मग ती आजी कवितेत हवी, शब्द शोधताना झालेली अडखळ हवी. ते नसेल तर ती ओळ खोडावी, आणि कारण इंग्रजीचं सांगू नये. बोलणारं माणूसच तिथे नाही, हे सांगावं.

अशाने मुलांची मराठी आणखी बिघडेल, अशी भीती काही ज्येष्ठ सभासदांना वाटते. ती भीती खरी आहे आणि मलाही वाटते. म्हणून मराठी शाळेच्या वर्गात, निवेदनात, अध्यक्षांच्या पत्रात आपण ‘उपस्थित राहा’ असंच लिहावं, ‘अटेंड करा’ नको. पत्र मंडळाच्या वतीने बोलतं. कविता मात्र एका माणसाच्या तोंडून बोलते, आणि मिसळलेलं बोलणाऱ्याला शुद्ध बोलायला लावलं तर भाषा सुधारत नाही, माणूस तेवढा बदलतो.

एक सूचना छपाईबद्दल. आपल्या अंकात कवितेतले इंग्रजी शब्द रोमन लिपीत, तिरप्या अक्षरात छापायची पद्धत पडली आहे. ती बंद करावी. तिरपं अक्षर डोळ्याला आधीच सांगून टाकतं की इथे परकं काही आहे, मग सांधा कानाला शोधावा लागत नाही. देवनागरीत ‘आय ॲम फाइन’ लिहिलं की तो मुलाचा उच्चार होतो, त्याच्या आईच्या ‘जेवलास का’च्या शेजारी, त्याच अक्षरांत. ती दोन वाक्यं एका लिपीत जवळ बसलेली दिसतात, म्हणूनच त्यांच्यातलं अंतर ऐकू येतं.