विश्लेषण : प्रश्न वाक्याच्या पोटात शिरला की ‘डझ’ कुठे जाते?

‘कॅन यू टेल मी व्हॉट टाइम डझ द ट्रेन लीव्ह?’ असे विचारले तरी कुणाचे काही अडत नाही, गाडीची वेळ कळते. परीक्षेच्या पेपरात मात्र त्यावर लाल रेघ पडते. तिथे अपेक्षित असते ‘कॅन यू टेल मी व्हॉट टाइम द ट्रेन लीव्ह्ज?’ म्हणजे ‘डझ’ गेले आणि त्याने घेतलेला ‘एस’ पुन्हा ‘लीव्ह’ला चिकटला. असे का, याचे शाळेतले उत्तर एका ओळीचे असते : अप्रत्यक्ष कथन करताना प्रश्नाचे विधान करावे. नियम चुकीचा नाही, पण तो उलट्या टोकाने सांगितला जातो. त्यामुळे तो पेपरापुरता आठवतो आणि मुलाखतीत बोलताना निसटतो.

मुळात हलते काय?

इंग्रजीचा मूळ क्रम आधी कर्ता, मग क्रियापद असा आहे : ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट नाइन.’ प्रश्न विचारताना कर्त्याच्या आधी सहायक क्रियापद आणावे लागते. ‘इज’, ‘कॅन’, ‘विल’ असेल तर तेच पुढे सरकते, काहीच नसेल तर ‘डू’ किंवा ‘डझ’ उसने आणतात. ही अदलाबदल म्हणजे समोरच्याला दिलेली खूण असते की, आता उत्तर द्या. ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज’ म्हणणारा काही विचारत नाही, आपल्याला माहीत नाही एवढेच सांगतो. ‘कॅन यू टेल मी’मध्ये विचारणा आहे, पण ती ‘कॅन यू’ या उलट्या क्रमाने बाहेरच झाली. आतल्या वाक्याला पुन्हा खूण करण्याचे कारण उरत नाही. म्हणून आत क्रम ‘परत येतो’ म्हणण्यापेक्षा तो तिथे हललेलाच नसतो, असे म्हणणे जास्त खरे.

‘इफ’ आले की अदलाबदल का थांबते?

याचे आणखी एक कारण वाक्याच्या बांधणीत आहे आणि ते वर्गात क्वचितच सांगितले जाते. ‘शी आस्क्ड इफ ही वॉज कमिंग’ या वाक्यात पोटवाक्याच्या तोंडाशी ‘इफ’ बसले आहे. सुट्या प्रश्नात नेमकी हीच जागा रिकामी असते आणि ‘वॉज’ उडी मारून तिथे जाते. जागा एक, उमेदवार दोन. आयर्लंडच्या बोलीतील इंग्रजीत ‘शी आस्क्ड वॉज ही कमिंग’ असे सर्रास म्हणतात. तिथे ‘इफ’ गळते म्हणून ‘वॉज’ला वाट मिळते. ‘इफ वॉज ही कमिंग’ असे दोन्ही मिळून मात्र तेही म्हणत नाहीत. प्रमाण इंग्रजीतही ‘इफ आय हॅड नोन’ चालते आणि ‘हॅड आय नोन’ही चालते. इथे तर प्रश्नच नाही, तरी ‘इफ’ उठले की ‘हॅड’ त्या जागेवर येते.

मराठी माणूस कुठे अडखळतो?

मराठीत ‘तो कुठे राहतो?’ आणि ‘तो कुठे राहतो ते मला माहीत नाही’ यांत काहीच हलत नाही. तेव्हा ‘आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह’ या चुकीचा सगळा दोष मराठीला देता येत नाही. ‘व्हेअर डझ’ ही जोडगोळी घोकून घेतली जाते, मग ती सुटत नाही. मराठीची छाप दिसते ती ‘शी आस्क्ड दॅट आर यू कमिंग’मध्ये. ‘तिने विचारले की तू येतोस का’ यातला ‘की’ अख्खा प्रश्न जसाच्या तसा उचलतो. इंग्रजीतले ‘दॅट’ प्रश्न उचलत नाही.

नियम पाठ केलेले विद्यार्थी दुसऱ्या टोकालाही जातात आणि ‘टेल मी व्हॉट इज राँग’ हे बरोबर वाक्य ‘व्हॉट राँग इज’ असे बिघडवतात. अशा वेळी उत्तर घालून पाहावे. ‘समथिंग इज राँग’मध्ये ‘समथिंग’ कर्त्याच्या जागी येते, म्हणजे ‘व्हॉट’ स्वत:च कर्ता आहे आणि हलवायला काही नाही. ‘ही इज समव्हेअर’मध्ये कर्ता ‘ही’ आहे, म्हणून ‘टेल मी व्हेअर ही इज’.

पाठ्यपुस्तकांनी प्रश्नापासून नव्हे, विधानापासून सुरुवात करायला हवी. ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट नाइन’मधली वेळ काढून ‘व्हॉट टाइम’ पुढे ठेवले की अप्रत्यक्ष प्रश्न तयार होतो. ‘डझ’ आणायचे ते त्यानंतर, सरळ प्रश्न करायचा असेल तरच. मग ‘व्हेअर डू यू थिंक ही लिव्ह्ज?’ हे वाक्यही कोडे राहत नाही : विचारणा ‘डू यू’ने झाली, ‘ही लिव्ह्ज’ आपल्या जागीच राहिले.